बांध कोणाचा? चाळीस कोटी नोंदींची वाटणी

समजा, एका वीज कंपनीकडे बिलांचं एक टेबल आहे. त्यात ४० कोटी नोंदी आहेत आणि प्रत्येक बिलाला स्वतःचा क्रमांक, म्हणजे `id`, आहे. हे टेबल जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर न्यायचं आहे. एक प्रोग्राम सेकंदाला १० हजार नोंदी उचलत असेल, तर एकट्याला ४० हजार सेकंद, म्हणजे अकरा तासांहून जास्त वेळ लागेल. आठ वर्कर एकाच वेळी लावले आणि सर्व्हरला तो भार पेलला, तर काम दीड तासाच्या आत उरकावं. अट एवढीच, की एकही नोंद दोघांकडे जाता कामा नये आणि एकही मधल्यामध्ये राहता कामा नये.

सहज सुचणारी पद्धत म्हणजे मोजून वाटणं: पहिल्या ५ कोटी नोंदी पहिल्याला, पुढच्या ५ कोटी दुसऱ्याला. डेटाबेसच्या भाषेत यासाठी `OFFSET` वापरतात. पण ३५ कोटी नोंदी सोडून पुढच्या द्या, असं सांगितलं तर डेटाबेसला त्या ३५ कोटी मोजतच पुढे जावं लागतं आणि ती मेहनत वाया जाते. त्याहून वाईट म्हणजे कॉपी चालू असताना सुरुवातीची एखादी नोंद कोणी खोडली, तर मागच्या सगळ्या नोंदी एकेक जागा पुढे सरकतात. दुसऱ्या वर्करची पहिली नोंद आता पहिल्याच्या शेवटच्या जागेवर आलेली असते. पहिला तिथून आधीच वाचून गेला असेल, तर ती कोणालाच मिळत नाही.

म्हणून वाटणी रांगेतल्या जागेवरून करायची नाही, नोंदीच्या स्वतःच्या क्रमांकावरून करायची. जागा बदलते, `id` बदलत नाही. प्रत्येक वर्करला क्रमांकांचा एक पट्टा द्यायचा. इथे शेतकऱ्यांना चांगला ठाऊक असलेला प्रश्न उभा राहतो: दोन शेतांमधला बांध कोणाचा? त्याचं उत्तर एकदाच ठरवायचं आणि सगळ्या पट्ट्यांना तेच लावायचं. पट्ट्याची सुरुवात त्या पट्ट्याची, शेवट मात्र पुढच्याचा.

```sql
SELECT * FROM bills
WHERE id >= 500000000 AND id < 500120000;
```

इथे `BETWEEN` वापरला, तर दोन्ही टोकं धरली जातात आणि सीमेवरची नोंद दोघांच्या वाट्याला येते. दोन्हीकडे फक्त `>` आणि `<` लिहिलं, तर ती कोणाचीच राहत नाही. सीमा खऱ्या नोंदींच्या क्रमांकांवरून घेतल्या असतील, तर ही चूक ओळखण्याची खूण फार नेमकी आहे. ४००० पट्ट्यांमध्ये ३९९९ सीमा असतात. नव्या टेबलात नोंदी बरोबर तेवढ्याच कमी भरल्या, तर दोष कुठे शोधायचा हे लगेच कळतं. पहिल्या पट्ट्याला खालची आणि शेवटच्याला वरची सीमा ठेवायची नाही, म्हणजे टोकांपलीकडची नोंदही कोणाच्या तरी वाट्याला येते.

आता पट्टे किती रुंद ठेवायचे? सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा `id` घेऊन मधलं अंतर सारखं वाटायचं, ही जुनी रीत आहे. अपाची स्कूप हे एकेकाळी सर्रास वापरलं जाणारं साधन हेच करायचं, आणि वेगळं सांगितलं नाही तर चार भाग पाडायचं. अडचण अशी, की क्रमांक सारखे पसरलेले नसतात. आपल्या टेबलात `id` ८० कोटींपर्यंत पोचले आहेत, पण जुनी बिलं काढून टाकल्यामुळे पहिल्या ४० कोटी क्रमांकांत फक्त ४ कोटी नोंदी उरल्या आहेत आणि बाकीच्या ३६ कोटी वरच्या अर्ध्यात आहेत. दहा-दहा कोटी क्रमांकांचे आठ पट्टे पाडले, तर पहिल्या चौघांना साधारण एकेक कोटी नोंदी मिळतील आणि शेवटच्या चौघांना नऊ-नऊ कोटी. पहिले चौघे सतरा मिनिटांत मोकळे होतील आणि बाकीच्यांची अडीच तास वाट पाहावी लागेल.

उपाय असा, की क्रमांकांचं अंतर न मोजता नोंदी मोजून सीमा ठरवायच्या. आताच्या सीमेपासून एक लाख नोंदी पुढे कोणता `id` आहे, एवढंच विचारायचं:

```sql
SELECT id FROM bills
WHERE id >= 500000000
ORDER BY id LIMIT 1 OFFSET 100000;
```

इथेही `OFFSET` आहे, पण तो प्रत्येक वेळी फक्त लाखाचा, आणि मोजणी इंडेक्समध्येच भागते. मिळालेला `id` ही पुढच्या पट्ट्याची सुरुवात. असे ४००० पट्टे तयार होतात. ते आठ जणांना आधी वाटून न देता एका यादीत ठेवायचे. जो मोकळा होईल त्याने पुढचा पट्टा उचलायचा. पोस्टग्रेसमध्ये `FOR UPDATE SKIP LOCKED` वापरून यादी वाचली, तर एकाने धरलेला पट्टा दुसऱ्याला दिसतच नाही. प्रत्येक पट्टा दहाएक सेकंदांचा असल्यामुळे शेवटी कोणी फार काळ रिकामा बसत नाही.

एखादा वर्कर मध्येच बंद पडला, तर नव्या टेबलातला तेवढाच पट्टा पुसून पुन्हा भरायचा, आणि पुसणं व भरणं एकाच व्यवहारात करायचं. सीमा काटेकोर असल्यामुळेच हे करता येतं. पट्टे एकमेकांवर चढलेले असते, तर पुसताना शेजाऱ्याचं कामही गेलं असतं.

मात्र पट्टे कितीही नेमके असले, तरी चालू टेबलात एक फट उरते. `id` आधी दिला जातो आणि नोंद पक्की नंतर होते. ७०१ क्रमांक घेतलेला व्यवहार रेंगाळला आणि ७०२ आधी पक्का झाला, तर वर्कर ७०२ घेऊन पुढे जातो. नंतर पक्का झालेला ७०१ मागेच राहतो. जुन्या बिलात झालेल्या दुरुस्तीचंही तसंच. म्हणून सगळ्या वर्करना टेबलाचं एकाच क्षणाचं चित्र द्यावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये `pg_export_snapshot()` त्यासाठीच आहे. त्या क्षणानंतरचे बदल डेटाबेसच्या बदल-नोंदवहीतून वाचून वर चढवायचे. हे चित्र आणि वहीतली वाचनाची सुरुवात एकाच क्षणाची हवी, आणि रेप्लिकेशन स्लॉट तयार करताना तशी जोडी मिळते. त्याची किंमतही आहे: चित्र धरून ठेवलं आहे तोवर जुन्या, निकामी ओळी साफ होत नाहीत, आणि स्लॉट न वाचलेली वही डिस्कवर साठवत राहतो. कॉपी दिवसचे दिवस चालली, तर जुन्या सर्व्हरची डिस्क भरू शकते.

शेवटी पडताळणी, तीही पट्ट्यांनीच. बदल वर चढवून दोन्ही टेबलं एका क्षणाला आणायची आणि दोन्हीकडे त्याच सीमांमधल्या नोंदींची संख्या आणि चेकसम काढायचा. चेकसम लागतो, कारण एक नोंद हरवली आणि एक दुप्पट झाली, तर नुसती संख्या जुळते. ३९९९ पट्टे जुळले आणि एक जुळला नाही, तर तोच अर्धा-अर्धा करत जायचं. लाखाचे सतरा वेळा अर्धे केले की एकच नोंद उरते. चाळीस कोटींतलं नेमकं कोणतं बिल चुकलं, ते हातात येतं आणि बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.