झोपेची उधारी कोणालाच चुकत नाही

जिराफ म्हणे दिवसाला अर्धाच तास झोपतो आणि डॉल्फिन तर झोपतच नाही. मग माणसाला सात तास झोप कशाला हवी? असले संदेश मोबाईलवर फिरत असतात आणि परीक्षेची तयारी करणारी आपली मुलं ते खरे मानतात. जयंतीला सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम आपल्याकडे श्रद्धेने होतो. तो वर्षातला एक दिवस असतो. पण काही मुलं महिनोन्‌महिने चार तासांवर दिवस काढू पाहतात. म्हणून या वेळी आम्ही या दोन प्राण्यांच्या झोपेची खरी हकीकत सांगणार आहोत. ‘प्रथम तपासा, मग माना’ ही आपल्याला मिळालेली शिकवण झोपेलाही लागू आहे.

डॉल्फिन : अर्धा मेंदू पाळीवर

आपल्या कुरुंद्यापासून समुद्र फार लांब. पण मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्यांनी होडीतून डॉल्फिन पाहिले असतील. डॉल्फिन माशासारखा दिसतो, पण तो मासा नाही. तो पिल्लाला दूध पाजतो आणि आपल्यासारखाच फुप्फुसाने श्वास घेतो. त्यासाठी त्याला दर थोड्या वेळाने पाण्यावर यावं लागतं. डोक्यावरचं श्वासाचं छिद्र पाण्याबाहेर आलं की तो ते उघडतो आणि आत जाताना बंद करतो.

आपण गाढ झोपलो तरी आपला श्वास आपोआप चालू राहतो. डॉल्फिनचं तसं नाही. त्याला प्रत्येक श्वास जाणून घ्यावा लागतो. सगळा मेंदू एकदम झोपला तर वर कोण येणार आणि छिद्र कोण उघडणार? म्हणून त्याच्या मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो आणि दुसरा जागा राहतो. तासभर, कधी दोन तासांपर्यंत एक बाजू झोपते, मग पाळी बदलते. या काळात तो संथ पोहत असतो किंवा पाण्याच्या पृष्ठभागाशी तरंगत असतो. मेंदूची डावी बाजू झोपली की बहुतेक वेळा उजवा डोळा मिटलेला असतो आणि उजवी झोपली की डावा. जागा डोळा कळपावर आणि शत्रूवर लक्ष ठेवतो.

हे नुसतं बघून काढलेलं अनुमान नाही. १९७०च्या दशकात तेव्हाच्या सोव्हिएत रशियातल्या शास्त्रज्ञांनी बॉटलनोज जातीच्या डॉल्फिनच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजल्या. एका बाजूला गाढ झोपेच्या मोठ्या, संथ लहरी होत्या आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला जागेपणाच्या लहान, भराभर लहरी.

पुढचा प्रयोग आपल्या कामाचा आहे. शास्त्रज्ञांनी डॉल्फिनच्या मेंदूची ठरावीक एकच बाजू झोपू लागली की त्याला उठवायचं ठरवलं. दुसऱ्या बाजूला मात्र झोपू दिलं. नंतर मोकळीक मिळाल्यावर ज्या बाजूची झोप मोडली होती, तिनेच जास्त झोप घेतली. एका बाजूची उधारी दुसरीने फेडली नाही. म्हणजे डॉल्फिन झोप टाळत नाही. तो ती अर्धी-अर्धी करून पूर्ण घेतो.

आपल्या अंगणातली कोंबडीही कधी कधी एक डोळा उघडा ठेवून अशीच अर्ध्या मेंदूने झोपते.

जिराफ : अर्धा तास ही अफवा

जिराफाला एवढी उंच मान घेऊन बसायला आणि उठायला वेळ लागतो. तेवढ्यात सिंह गाठू शकतो. शिवाय एवढं धूड पाल्यावर पोसायचं, तर दिवसाचा मोठा भाग खाण्यात जातो. म्हणून त्याची झोप कमी आणि तुटक असते. पण ‘अर्धा तास’ हा आकडा खरा नाही.

१९९६ साली एका प्राणिसंग्रहालयातल्या लहान-मोठ्या आठ जिराफांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यावर १५२ रात्री नजर ठेवली होती. ते चोवीस तासांत सरासरी साडेचार तासांहून थोडं जास्त झोपत होते. तिथे सिंहाचं भय नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं. उघड्या रानात झोप याहून तुटक असते.

मग अर्ध्या तासाची गोष्ट आली कुठून? जिराफ उभ्याने डुलकी घेतो, पाय दुमडून मान ताठ ठेवूनही झोपतो. लांबून पाहणाऱ्याला तो जागाच वाटतो. दिसते ती फक्त एक झोप, ज्यात तो मान मागे वळवून डोकं स्वतःच्या पुठ्ठ्यावर टेकवतो. ही स्वप्नांची झोप. हिच्यात अंगाचे स्नायू सैल पडतात, म्हणून मानेला टेकू लागतो. ती एका वेळी काही मिनिटांचीच असते. तेवढीच मोजली तर आकडा फार लहान येतो.

हे पाहायला आफ्रिकेत जायला नको. रात्री गोठ्यात पाहा. गाय बसून रवंथ करताना पेंगते, पण स्वप्नांच्या झोपेसाठी तीही मान वळवून डोकं कुशीवर टेकवते.

आपल्याकडे यातलं काय आहे?

माणसाकडे डॉल्फिनसारखी पाळी नाही. परक्या घरी पहिल्या रात्री आपल्या मेंदूची एक बाजू थोडी सावध झोपते, एवढंच आढळलं आहे. म्हणून लेकीकडे गेलेल्या आजीला पहिल्या रात्री बारीक आवाजानेही जाग येते. पण ते अर्ध्या मेंदूने जागणं नव्हे. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते.

एका घराचा हिशोब मांडू. आई रात्री अकराला पाठ टेकते आणि साडेचारला उठते. साडेपाच तास झोप झाली. सातला दीड तास कमी. आठवड्यातले सहा दिवस असे गेले तर नऊ तासांची उधारी. त्यात शेताच्या लाईटची रात्रपाळी असेल, हळदीला पाणी द्यायला जावं लागलं, तर एका रात्रीतच आणखी चार-पाच तासांची भर पडते.

ही उधारी आपल्याला जाणवत नाही, हा खरा धोका आहे. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी माणसांना चौदा रात्री फक्त सहा तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष अख्खी रात्र जागलेल्या माणसासारखं चुकू लागलं. तरी ‘आम्हाला फारशी झोप येत नाही’ असंच ते सांगत होते. मन सवय झाली म्हणतं, मेंदूला सवय होत नाही. मग तो जागेपणीच दोन-चार सेकंद झोपून घेतो. मोटारसायकलवर किंवा कडबा कापायच्या यंत्रासमोर ते दोन सेकंद जिवावर बेततात.

उधारी झाली हे कसं ओळखायचं? बसल्या जागी काही मिनिटांत डोळा लागतो. वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. गाडीवरून आलो, पण मधला रस्ता आठवत नाही. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास जास्त झोप लागते.

रात्री पाणी द्यायला जायचं असेल तर संध्याकाळी लवकर जेवून दीड-दोन तास झोपून घ्या. पहाटे परतताना डोळे मिटत असतील तर गाडी बाजूला लावून वीस मिनिटं आडवे व्हा. चहा उधारी लांबवतो, फेडत नाही. घरच्यांनी त्या दिवशी सकाळी रात्रपाळीवाल्याला उठवू नये, आणि आईच्या पहाटेच्या कामातली दोन कामं दुसऱ्या कोणी उचलावीत. सात तास झोपूनही दिवसभर पेंग येत असेल किंवा घोरताना मध्येच श्वास थांबतोय असं घरच्यांना दिसलं, तर आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा. तो आळस नव्हे, आजार असू शकतो.

परीक्षेच्या मुलांना एवढंच सांगणं : वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. अठरा तास अभ्यास केला तरी दिवसाचे सहा तास उरतात, आणि वाढत्या वयाला तेवढेही पुरत नाहीत.