पुढ्यातली आपलीच सावली

डिसेंबरची सकाळ, मसाई पठार, वाळलेलं सोनेरी गवत. सूर्य पाठीशी, क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर. अशा वेळी पश्चिमेकडे कॅमेरा रोखला, की चौकटीच्या पुढच्या भागात फोटो काढणाऱ्याचीच सावली आडवी पसरते. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाची सावली तेव्हा साडेनऊ मीटरच्या वर जाते. दोन पावलं बाजूला सरकून ती टळत नाही, कारण डोक्याची सावली नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेलाच पडते. आपण सरकलो की तीही सरकते.

ती पुसायची म्हणून बहुतेक जण पहिल्यांदा तेवढा भाग उजळ करतात. उजेड वाढतो, पण डाग राहतोच. सावलीतल्या गवतावर फक्त आकाशाचा उजेड पडलेला असतो, त्यामुळे ते निळसर दिसतं. ही निळाई रंग उबदार करून घालवता येते. खरी अडचण निराळी आहे. उन्हातल्या प्रत्येक काडीला एक उजळ बाजू असते आणि तिची स्वतःची बारीक सावलीही असते. आपल्या सावलीत ही दोन्ही नसतात, म्हणून उजळलेला पट्टा सपाट, धुतल्यासारखा दिसतो. गवत असो की ढेकळं, तिथे शेजारचं उन्हातलं गवत किंवा मातीच आणून बसवावी लागते.

ती क्लोन स्टॅम्पने आणताना त्याच आडव्या रेषेतून घ्यावी. पायाजवळच्या जाड काड्या दूरवर नेऊन लावल्या तर पठाराची खोलीच मोडते. शिवाय सगळ्या सावल्या दूरच्या एकाच बिंदूकडे झुकलेल्या दिसतात: डावीकडच्या काड्यांच्या उजवीकडे, उजवीकडच्या काड्यांच्या डावीकडे. म्हणून डावा अर्धा भाग डावीकडून भरावा आणि उजवा उजवीकडून. कडांचंही भान हवं. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे पायाशी धारदार असलेली कड डोक्यापाशी सुमारे नऊ सेंटिमीटर रुंद, धूसर होते. ब्रश पायाशी कडक ठेवावा आणि पुढे जाता जाता मऊ करत न्यावा. सगळीकडे एकच ब्रश फिरवला तर माणसाच्या आकाराची फिकट रेघ उरते. फोटो लहान करून, डोळे बारीक करून पाहिलं की ती लगेच कळते.

माझ्या मते याहून चांगला उपाय जागेवरच करता येतो. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून एक फोटो डावीकडे उभं राहून रिमोटने घ्यावा आणि मिनिटाच्या आत दुसरा उजवीकडून. माझी सावली एकात डाव्या बाजूला पडेल, दुसऱ्यात उजव्या. दोन्ही थर एकावर एक ठेवून प्रत्येकातला स्वच्छ भाग घेतला, की खरं गवत, खरं ऊन मिळतं. तिकाटण्याची बारीक सावली तेवढी भरावी लागते. वारा असेल तर मात्र हे जमत नाही. दोन्ही फोटोंतल्या काड्या जुळत नाहीत आणि सांध्यावर गवत दुहेरी दिसतं.

बातमीच्या छायाचित्रात यातलं काहीच चालत नाही. वर्ल्ड प्रेस फोटोच्या नियमांत चित्रातली वस्तू काढणं किंवा घालणं निषिद्ध आहे. तिथे सावली चौकटीबाहेर ठेवायची, म्हणजे कॅमेरा जरा वर उचलायचा किंवा सूर्य एका बाजूला घ्यायचा.