पूर्णा की पुणे? फोनवर सांगायची नावं

फोनवर नाव चुकीचं ऐकू गेलं की आपण आवाज चढवतो. ऐकणाऱ्याचं लक्ष नव्हतं किंवा रेंज गेली, असं त्यामागे गृहीत असतं. पण साधा टेलिफोन ऐकू येणाऱ्या आवाजाचा एक पट्टाच पुढे नेतो, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झचा. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक बराचसा या पट्ट्याच्या वर असतो, म्हणून तो तारेतच गळतो. ओरडल्याने उरलेलं मोठं होतं, गळलेलं परत येत नाही. नव्या मोबाइल जाळ्यांवरचा पट्टा सुमारे ७००० हर्ट्‌झपर्यंत जातो हे खरं, पण त्यासाठी दोन्ही टोकांचे फोन आणि मधलं जाळं त्या तोडीचं लागतं. तेही जुळलं, तरी ‘पी’, ‘बी’, ‘टी’, ‘डी’, ‘व्ही’ ही सगळी ‘ई’वरच संपणारी अक्षरं मोंढ्याच्या गलबल्यात एकमेकांत मिसळायची ती मिसळतातच. म्हणजे दोष फोनकडे थोडा आणि निवडलेल्या नावाकडे जास्त जातो.

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेचंच नाव घ्या. ‘पूर्णेहून बोलतोय’ आणि ‘पुण्याहून बोलतोय’ यांत सुरुवातीचा ‘पु’ सारखा आणि मधला रफार फोनवर सहज विरणारा. बाहेरच्या माणसाने पुणे हजारदा ऐकलेलं असतं, त्यामुळे अर्धवट ऐकू आलेलं नाव त्याचं मन पुण्याकडेच ओढतं. इथे रेल्वेचा दाखला उपयोगी आहे. पूर्णा जंक्शनचा कोड PAU आहे आणि पुण्याचा PUNE. PAU हा कोड नाव ऐकून कुणालाही सुचणार नाही, पण या दोन स्टेशनांची गफलत तो होऊ देत नाही. फाटक बंद असल्याची खात्री देताना गेटमन स्टेशन मास्तरला फोनवर प्रायव्हेट नंबर देतो तोही याच जातीचा उपाय. नुसतं ‘हो, झालं’ ऐकण्यावर तिथे भागत नाही.

‘मग स्पेलिंग सांगितलं की झालं’ हा दुसरा समज. तो अर्धाच खरा आहे. ‘पी फॉर पॉल’ आणि ‘बी फॉर बॉल’ यांत पुन्हा तोच ‘प’ आणि तोच ‘ब’ वेगळा ऐकावा लागतो, म्हणजे आधार म्हणून घेतलेला शब्दच आधार देत नाही. पूर्णेचं स्पेलिंग सांगताना ‘पी फॉर पुणे’ म्हणणं तर स्वतःहून खड्डा खणणं. विमान वाहतुकीतली ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही १९५६ साली लागू झालेली शब्दमाला वेगवेगळ्या भाषांच्या लोकांवर तपासून ठरवली गेली. त्यात ‘पी’ला ‘पापा’ आणि ‘बी’ला ‘ब्राव्हो’ आहे, कारण नुसते स्वर ऐकू आले तरी ते दोन शब्द वेगळे कळतात. पण बियाण्याचा भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ही माळ पाठ असेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

मराठी नावाला आणखी एक फाटा फुटतो. समजा, ‘पूर्णा कृषी सेवा’ नावाने ईमेल किंवा यूपीआय आयडी घ्यायचा आहे. नाव अगदी स्वच्छ ऐकू गेलं, तरी Purna की Poorna, Krushi की Krishi, Seva की Sewa, अशी आठ रूपं होतात आणि बरोबर एकच असतं. ‘ज्ञानदीप’ची गत तर विचारूच नका: dnyandeep, gyandeep, jnandeep. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव तरी दिसतं. ईमेलमध्ये तसली सोय नाही. तो पत्ता दुसऱ्या कुणाचा असला, तर पत्र मुकाट्याने त्याच्याकडे जातं आणि आपण उत्तराची वाट बघत बसतो.

यावर उपाय म्हणून काहीजण अगदी वेगळं, घडवलेलं नाव घेतात: Agro4U किंवा Krishyx. हे उलट्या दिशेला जाणं आहे. ओळखीच्या शब्दातला एखादा ध्वनी गळला, तरी कान तो भरून काढतो, पण घडवलेल्या शब्दाला तो आधार नसतो. ‘4’ म्हणजे आकडा की ‘फॉर’, हा प्रश्न वर येतोच. लहान नाव चांगलं, हाही समज इथे तपासून घ्यावा. pks ही तीन सुटी अक्षरं ऐकवण्यापेक्षा makaghar हा लांब शब्द सोपा जातो, कारण ‘मका’ आणि ‘घर’ दोन्ही रोजचे आहेत आणि त्यांचं दुसरं स्पेलिंग सहसा कुणाला सुचत नाही.

‘व्हॉट्सॲपवर पाठवून दे’ हा आक्षेप रास्त आहे, लिहून पाठवता येत असेल तिथे तेच करावं. पण त्यासाठी आधी नंबर तोंडी सांगावा लागतो, आणि तिथे ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’ आहेतच. तो एकेक आकडा सांगूनच द्यावा. दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे: आजोबांचं किंवा कुलदैवताचं नाव कसं सोडायचं? सोडायला कुणी सांगितलेलं नाही. पाटीवर ‘विठ्ठल’ राहू दे, आयडी makaghar घ्यावा. पाटी वाचली जाते आणि आयडी ऐकला जातो. नाव पक्कं करण्याआधी तिघांना वेगवेगळा फोन लावून ते एकदाच, स्पेलिंग न सांगता, ऐकवावं आणि त्यांनी रोमन लिपीत काय लिहिलं ते मागवावं. तिघांचं जुळलं नाही, तर ते नाव नोंदवायची घाई करू नये.