पाळीच्या तोंडावरची अर्धशिशी

पाळी येण्याआधी शरीरातलं इस्ट्रोजेन झपाट्याने घसरतं, आणि काहीजणींची अर्धशिशी नेमकी तेव्हाच उसळते. पण हे नुसत्या आठवणीवर ठरवू नये. कॅलेंडरवर पाळीचा पहिला दिवस आणि डोकेदुखीचे दिवस, दोन्ही लिहावेत. समजा, पाळी १४ तारखेला आली. मग १२ ते १६ तारखांच्या दरम्यान झटका सुरू झाला का, ते पाहायचं. तीनपैकी किमान दोन पाळ्यांत असं घडलं, तर संबंध खरा मानतात.

पाळी नियमित असेल, तर ही नोंद फार कामाची. डॉक्टर अपेक्षित तारखेच्या दोन दिवस आधीपासून पाच-सहा दिवस नॅप्रोक्सेन किंवा लांब टिकणारं ट्रिप्टान सुचवू शकतात. जठरात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भधारणेची शक्यता असेल तर नॅप्रोक्सेनआधी, आणि हृदयविकार असेल तर दोन्हींआधी, ते आवर्जून सांगा. पाळी अनियमित असेल तर मात्र हा हिशेब कोलमडतो.

डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसत असतील, तर तेही सांगाच: अशांना इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.