फोन नंबर हॅश केला म्हणजे लपला का?

समजा, औषध दुकानांच्या एका साखळीकडे दोन याद्या आहेत: काउंटरवर फाडलेल्या बिलांची आणि ॲपवरून आलेल्या ऑर्डरींची. ग्राहक सुमारे ५०,०००. दोन्हीकडे तोच ग्राहक किती वेळा आला, हे विश्लेषकाला मोजायचे आहे. मात्र मधुमेहाची गोळी कोणत्या नंबरचा माणूस घेतो, हे त्याला दिसता कामा नये. म्हणजे नंबर लपवायचा, पण एका नंबरच्या सगळ्या नोंदी एकत्र येतील असा. ही कसरत जिथे चुकते, तिथे बहुतेकदा पुढील गैरसमजांपैकी एखादा असतो.

सर्वांत सोपा समज म्हणजे शेवटचे चार अंक ठेवून बाकीचे झाकले की झाले. चार अंकांच्या जोड्या होतात फक्त १०,०००. ५०,००० ग्राहकांत एकेका जोडीवर सरासरी पाच जण येतात, त्यामुळे पाच अनोळखी माणसांची बिले एकाच्या नावावर चढतात. सुरुवातीचे आणखी दोन अंक उघडे ठेवले तर जुळणी सुधारते, पण मग लपलेले अंक उरतात चार, म्हणजे पुन्हा १०,००० शक्यता. पावतीवर किंवा कॉल सेंटरच्या पडद्यावर असे झाकणे ठीक आहे. जुळणीसाठी ते कामाचे नाही.

दुसरा समज अधिक घातक आहे: SHA-256 उलटवता येत नाही, म्हणून हॅश केलेला नंबर सुरक्षित. पहिला भाग खरा आहे. पण नंबर शोधायला हॅश उलटवावाच लागत नाही. भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे शक्यता जास्तीत जास्त ४०० कोटी. एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी हॅश काढते. सगळ्या शक्य नंबरांचे हॅश काढायचे आणि हाती आलेल्या यादीशी ताडून पाहायचे, एवढेच काम. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांची माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा टॅक्सींचे परवाना क्रमांक MD5 ने हॅश केलेले होते. क्रमांकांचा साचा ठरावीक असल्यामुळे ते थोड्याच वेळात उघडे पडले.

मग सॉल्ट घालावे, असे सुचवले जाते. पासवर्डसाठी प्रत्येक नोंदीला वेगळे यादृच्छिक सॉल्ट हीच योग्य पद्धत. इथे मात्र त्याने जुळणीच संपते, कारण एकाच नंबरचे दोन हॅश वेगळे येतात. सर्व नोंदींना एकच सॉल्ट दिले तर जुळणी टिकते, पण ते सॉल्ट गुप्त असेल तरच उपयोग. अशा कामासाठीच HMAC आहे: त्यात नंबराबरोबर एक गुप्त किल्ली मिसळून टोकन काढले जाते. किल्लीविना ४०० कोटी नंबरांची यादी हाताशी असूनही टोकन ताडून पाहता येत नाही.

```python
import hmac, hashlib

def token(num, key):
    return hmac.new(key, num.encode(),
                    hashlib.sha256).hexdigest()
```

किल्ली ३२ यादृच्छिक बाइटची असावी. ती कोडमध्ये किंवा विश्लेषकाच्या संगणकावर न ठेवता वेगळ्या किल्ली-व्यवस्थापन सेवेत ठेवावी. टोकन बनवण्याचे काम माहिती विश्लेषकाकडे पोचण्याआधीच उरकावे. किल्ली बदलली की जुनी आणि नवी टोकने जुळत नाहीत. म्हणून किल्ली बदलताना जुन्या नोंदींचीही टोकने नव्याने काढावी लागतात.

इतके करूनही दुहेरी नोंदी सुटतात, त्या एका साध्या कारणाने. काउंटरवर नंबर ० लावून टाइप होतो, ॲपमध्ये +91 सह साठतो, कुठे मध्ये जागा असते. माणसाला नंबर तोच दिसतो, पण हॅशला एका जागेचाही फरक पुरतो आणि टोकन पूर्ण वेगळे येते. म्हणून आधी प्रत्येक नंबर +91 आणि दहा अंक अशा एकाच रूपात आणायचा, मगच टोकन काढायचे. रिकामा राहिलेला नंबर आणि काउंटरवर वेळ मारून नेण्यासाठी टाकलेला 9999999999 गाळायचा. नाहीतर एकच टोकन हजारो बिलांवर दिसते. सर्वाधिक वेळा आलेली दहा टोकने पाहिली की ही चूक लगेच पकडता येते. घरातले चार जण एकच नंबर देत असतील तर मात्र ते एकच ग्राहक ठरतात. त्यावर हॅशकडे उपाय नाही.

शेवटचा समज असा, की टोकन लागले म्हणजे माहिती निनावी झाली. तसे नाही. ज्याच्याकडे किल्ली आहे, तो पुन्हा नंबरापर्यंत पोचू शकतो. युरोपचा GDPR कायदा अशा माहितीला टोपणनावी मानतो आणि ती वैयक्तिकच धरतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही वैयक्तिक डेटाची व्याख्या व्यक्ती ओळखता येण्याशी जोडलेली आहे. किल्ली नष्ट केली तरी एका टोकनाखाली पिनकोड, तारखा आणि एखादे दुर्मीळ औषध ओळीने उभे असते. छोट्या गावात ते औषध घेणारा एकच जण असेल, तर त्याला ओळखायला नंबर लागतच नाही.