चारित्र्य पडताळणी (शासकीय नोकरभरती)

'''चारित्र्य पडताळणी''' म्हणजे शासकीय सेवेसाठी निवड झालेल्या उमेदवाराच्या पूर्वेतिहासाची नियुक्ती प्राधिकाऱ्याने पोलिसांकरवी करून घेतलेली खातरजमा होय. निवड यादीत नाव आले म्हणजे नियुक्तीचा हक्क मिळाला असे होत नाही; नियुक्ती या पडताळणीच्या अधीन असते.

निवडीनंतर उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेतला जातो. त्यात वास्तव्याचे पत्ते, शिक्षण, पूर्वीची नोकरी यांबरोबरच कधी अटक झाली होती काय, खटला चालला काय, शिक्षा झाली काय, असे प्रश्न असतात. पोलीस ही माहिती ठाण्यातील नोंदींशी ताडून अहवाल देतात. अहवाल प्रतिकूल असला तरी तो निर्णय नव्हे. निर्णय नियुक्ती प्राधिकाऱ्यानेच घ्यावयाचा असतो. अनेकदा अडचण मूळ गुन्ह्यापेक्षा 'नाही' या उत्तराने निर्माण होते. खटल्यातून सुटका झाली, म्हणजे आता सांगण्यासारखे काही उरले नाही, असा उमेदवाराचा समज असतो. प्रश्न मात्र खटला चालला होता काय, असा असतो.

दिल्ली पोलीस दलातील लिपिकवर्गीय हेड कॉन्स्टेबल पदाचे संदीप कुमार प्रकरण या संदर्भात उद्बोधक आहे. उमेदवार सुमारे वीस वर्षांचा असताना त्याच्यावर मारहाणीचा गुन्हा नोंदला गेला होता. पुढे तडजोड होऊन 1998 मध्ये त्याची निर्दोष मुक्तता झाली. 1999 च्या अर्जात त्याने हा खटला नमूद केला नाही. 2001 मध्ये निवडीनंतरच्या साक्षांकन नमुन्यात मात्र तो उघड केला. कारणे दाखवा नोटीस देऊन त्याची उमेदवारी रद्द करण्यात आली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तरुण वय आणि गुन्ह्याचे स्वरूप पाहून उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला.

तथापि हा निकाल सरसकट लागू होत नाही. निरनिराळ्या निकालांतील विसंगती दूर करण्यासाठी तीन न्यायाधीशांच्या पीठाने 2016 मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात तत्त्वे घालून दिली. तरुणपणी दिलेल्या घोषणा किंवा तत्सम किरकोळ गुन्हा लपविला गेला असल्यास प्राधिकारी ती चूक दुर्लक्षित करू शकतो. गंभीर गुन्ह्यात केवळ तांत्रिक कारणाने किंवा संशयाचा फायदा मिळून सुटका झाली असेल, तर तिचे वजन निष्कलंक मुक्ततेइतके धरले जात नाही. नमुन्यात जे स्पष्टपणे विचारलेले नाही, ते सांगितले नाही म्हणून उमेदवारावर माहिती दडविल्याचा ठपका ठेवता येत नाही. सेवेत कायम झालेल्या कर्मचाऱ्याला या कारणावरून काढावयाचे असल्यास आधी विभागीय चौकशी आवश्यक ठरते.

खरी माहिती दिल्यानेही नियुक्ती निश्चित होत नाही, ही बाब पुष्कळदा नजरेआड होते. निकाली निघालेला खटला प्रामाणिकपणे नमूद केला तरी प्राधिकारी पूर्वचारित्र्याचा विचार करू शकतो. नियुक्ती देण्यास तो बांधील नसतो. पोलीस दलासारख्या शिस्तबद्ध सेवेत ही कसोटी अधिक कठोर असते.