गच्चीच्या कामाचा अहवाल

सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग सुरू होतं. सचिवांनी सभासदांना दीड पानाचा सलग मजकूर पाठवला. तिसऱ्या परिच्छेदात कुठेतरी होतं: ‘ठेकेदाराला दुसरा हप्ता लवकरच देण्यात येईल.’ कोण देणार, कधी, हे कुणालाच कळलं नाही; हप्ता राहिला, काम थांबलं.

तोच मजकूर नंतर असा मांडला:

काम आठ दिवस मागे. पावसाआधी संपवायचं तर हप्ता या आठवड्यात हवा.
• दुसरा हप्ता देणे – खजिनदार – शुक्रवार, १४ जून
• पाण्याची चाचणी – सचिव – गुरुवार, २० जून

अडचण आणि मागणी पहिल्याच ओळीत, कारण घाईतला माणूस पुढे वाचेलच असं नाही. एका ओळीत एकच काम. जबाबदार म्हणून ‘समिती’ लिहू नये. समितीला कुणी फोन करत नाही! ‘लवकरच’ऐवजी वारासह तारीख. ती हुकली तर जुनी खोडू नका, शेजारी नवी लिहा, म्हणजे घसरण दिसते. आणि सात-आठच्या वर ठिपके झाले, की तेही कुणी वाचत नाही. झालेली कामं तळाला ढकला.